एकशे पस्तीस युनिट कुठं गेले?

सकाळी चहा हातात होता आणि घरच्या ग्रुपवर दादाचे तीन फोटो येऊन पडले. खाली ओळ, "सोलर म्हणजे शुद्ध फसवणूक. ३७२ युनिट तयार झाले, बिलात २३७ दिसतात. १३५ युनिट कुणी खाल्ले?" त्यावर अकरा जणांनी रागाची तोंडं टाकली. एकानंही फोटो मोठा करून बघितला नाही. माझा चहा तिथंच निवला.

दादा, १३५ युनिट तुझ्या फ्रीजनं खाल्ले. तुझ्या बोअरच्या मोटरनं खाल्ले. आणि वहिनी दुपारी वॉशिंग मशीन लावतात, तिनं खाल्ले.

इन्व्हर्टर छताखाली बसतो आणि पॅनेलनं जेवढी वीज केली तेवढी मोजतो. नेट मीटर बसतो घर आणि रस्त्यावरच्या तारेच्या मधे. दिवसा तयार झालेली वीज आधी घरात वापरली जाते, उरली तरच मीटरमधून बाहेर पडते. घरातल्या घरात जी संपली ती मीटरला कळतच नाही, मग ती बिलात 'बाहेर दिली' म्हणून येणार कुठून?

दादाचेच आकडे घेऊ. इन्व्हर्टरवरचा `E-Total`, म्हणजे आजवर तयार झालेली एकूण वीज, १ मार्चला १८४६ होता, १ एप्रिलला २२१८. फरक ३७२. तीन किलोवॅटच्या पॅनेलला आपल्याकडं मार्चात दिवसाला बारा युनिट म्हणजे उत्तम चाललंय. मीटरवरचा `Exp` ११०२ वरून १३३९ झाला, म्हणजे २३७ बाहेर गेले. `Imp` ७३३ वरून ८५१ झाला, म्हणजे रात्री आणि ढगाळ वेळेला ११८ आत घेतले. आता ३७२ मधून २३७ वजा कर. उरले तेच तुझे १३५, दिवसा थेट घरात वापरलेले. त्यात ११८ मिळवले की घराचा महिन्याचा खरा वापर निघतो, २५३ युनिट. आणि २३७ मधून ११८ गेले की ११९ तुझ्या नावावर पुढच्या महिन्यासाठी शिल्लक. चोरी झालेल्या माणसाच्या खात्यात ११९ युनिट जमा आहेत, आणि हा ग्रुपवर ओरडतोय.

बरं, एवढं चिडायला मी कोण? मागच्या जुलैत मीच याच्यापेक्षा मोठा गाढवपणा केलाय. तेव्हा मी पुण्यात होतो. आई कळंब्याला एकटी. ती दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो पाठवायची. जूनच्या फोटोत ६८४ होते, जुलैच्या फोटोत ५१२. मी बघितलं आणि डोकं सणकलं. मीटर उलटा फिरतोय! सोलर बसवणाऱ्या पोराला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. चोर म्हणालो. त्यानं एवढंच विचारलं, "साहेब, आकड्याच्या बाजूला काय लिहिलंय बघितलंसा?"

नव्हतं बघितलं. आईनं आकडा नीट यावा म्हणून इतका जवळून फोटो काढला होता की बाजूची अक्षरंच कापली गेली होती. मीटरचा पडदा एका जागी थांबत नाही. थोड्या थोड्या सेकंदांनी तारीख येते, व्होल्टेज येतं, `Imp` येतो, `Exp` येतो, मागच्या महिन्याचे आकडेही येतात. जूनला तिनं `Exp` टिपला, जुलैला `Imp`. मी दोन वेगळ्या डब्यांतला हिशोब एकमेकांतून वजा करत बसलो. साठत जाणारा आकडा कधी कमी होत नाही हे एवढं जरी डोक्यात आलं असतं, तरी फोन लावला नसता. आकडा कमी दिसला तर मीटर बिघडलाय असं मानण्याआधी, आपण दुसराच आकडा वाचतोय का ते बघायचं.

काही मीटरवर तर `Imp`-`Exp` असंही नसतं. नुसतं `1.8.0` म्हणजे आत घेतलेली वीज आणि `2.8.0` म्हणजे बाहेर दिलेली. साध्या माणसानं हे कसं ओळखायचं, सांगा! निदान मीटर बसवताना एक कागद चिकटवायला काय जातं? आणि बिलावर छापून येणारा फोटो बघा. काळोखात फ्लॅश मारून काढलेला, मधे पांढरा डाग, त्यातून आकडा शोधायचा म्हणजे नागपंचमीला नाग शोधण्यासारखं. चिडायचंच असेल तर दादा, त्यावर चीड. मी येतो सोबत.

खालून फोटो काढला तर पडद्यावरचे न पेटलेले तुकडेही पुसट दिसतात आणि सगळेच आठ वाटायला लागतात. दशांशाचा ठिपका तर सगळ्यात आधी गायब होतो, ११०२.४ चं ११०२४ होतं. म्हणून मागच्या महिन्याचा आकडा हाताशी हवा. महिन्यात दहा हजार युनिटची उडी तीन किलोवॅटवाला घेत नाही. आणि इन्व्हर्टरवर `2140 W` दिसलं तर ती त्या क्षणाची ताकद आहे, युनिट नव्हे. हे मी लग्नात जेवणाच्या पंगतीत दोघांना समजावलंय, पांढऱ्या रश्श्याची दोन वाढपं होईपर्यंत.

कुणी म्हणेल, अ‍ॅप आहे की. आहे. पण ते इन्व्हर्टरचं सांगतं, नेट मीटरचं नाही, आणि आईचं वायफाय पावसात आठवडाभर झोपतं. आणि हो, रीडिंग खरंच चुकीचं टाकलेली बिलंही येतात, नाही म्हणत नाही. इन्व्हर्टरचा आकडाही मीटरशी तंतोतंत जुळत नाही, थोडा इकडंतिकडं होतो. पण एक्स्पोर्ट जर तयार झालेल्या विजेपेक्षा जास्त दिसला, तर दोन्ही फोटोंच्या तारखा आधी जुळवायच्या. पॅनेलनं केली त्याहून जास्त वीज बाहेर जाईल कशी?

तो पोरगा त्याच दिवशी भर पावसात कळंब्याला गेला होता. रेनकोट ठिबकत आईच्या व्हरांड्यात उभा राहिला, मीटरचं बटन दाबून प्रत्येक पडदा दाखवला, आणि आईच्या फोनवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून मला पाठवला. त्यात सगळं होतं, मीटरच्या पाटीवरचा नंबर, `Imp`, `Exp`, तारीख. `Exp` होता ७८१. म्हणजे पावसातल्या जूनमधेही ९७ युनिट बाहेर गेले होते. आई मागून म्हणत होती, "अरे, चहा घे की बाळा." व्हिडिओत माझ्या शिव्यांबद्दल एक शब्द नाही.

तेव्हापासून आई फोटो नाही, व्हिडिओ पाठवते. स्वतःच मोठ्यानं वाचते, "इम्पोर्ट... थांब... एक्सपोर्ट." मागं कुकरची शिट्टी. मला हवा तिथं थांबवून वाचता येतो.

दादा, संध्याकाळी येतो. बटन कुठंय ते दाखवतो. दिवस मावळायच्या आत, कारण अंधार पडला की तुझा इन्व्हर्टर झोपतो आणि पडदा काळा होतो.

त्या पोराला मी माफी मागायला अजून फोन केलेला नाही. फोनमधे त्याचा नंबर 'सोलर चोर' म्हणून ठेवला होता. तेवढं नाव आज बदललं.