कोनानेत मारलेले खडे कोणी मोजत नाही

«कोनाने म्हणजे हवाई बेटांवरचे चेकर्स. ज्याने जास्त खडे मारले तो जिंकला. म्हणून एका चालीत जितक्या उड्या मिळतील तितक्या घ्या. शेवटी कोण पुढे आहे हे बघायचे असेल तर दोघांच्या शिल्लक उड्या मोजा.»

कोनानेबद्दल असा सल्ला ऐकू येतो, पण तो बहुतांशी फसवा आहे. त्यातली चेकर्सशी केलेली तुलना आजची नाही. कॅप्टन कुक यांच्या तिसऱ्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग यांनी या खेळाची नोंद केली. १७८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या सफरीच्या वृत्तांतात त्यांनी तो इंग्रजांच्या ड्राफ्ट्ससारखा, म्हणजे चेकर्ससारखाच, असल्याचे म्हटले आहे. त्यांनी पाहिलेल्या पटावर २३८ घरे होती, एका ओळीत १४, आणि घरांच्या संख्येवरून हा खेळ ड्राफ्ट्सपेक्षा बराच गुंतागुंतीचा दिसतो, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. पुढे तुलना तेवढी लोकांच्या लक्षात राहिली आणि पुस्ती गळून पडली.

साम्य आहे ते उडी मारून खडा उचलण्यापुरते. कोनानेचा पट सुरुवातीला पूर्ण भरलेला असतो आणि प्रत्येक घरात आलटून पालटून काळा आणि पांढरा खडा असतो. हवाईत काळे खडे लाव्हाच्या दगडाचे आणि पांढरे पोवळ्याचे असत, तर पापामू नावाच्या पटाची घरे म्हणजे कित्येकदा खडकात कोरलेले खळगे असत. काळा खेळाडू मधला किंवा कोपऱ्यातला आपला एक खडा उचलतो, पांढरा त्या रिकाम्या घराला लागून असलेला आपला एक खडा उचलतो आणि तिथून खेळ सुरू होतो. यापुढची प्रत्येक चाल म्हणजे शेजारच्या घरातील प्रतिस्पर्ध्याच्या खड्यावरून पलीकडच्या रिकाम्या घरात मारलेली उडी. ती आडवी किंवा उभी असते, तिरकी कधीच नसते. त्याच दिशेने पुढे आणखी उडी मिळत असेल तर ती घ्यावी किंवा थांबावे, हे खेळाडूच्या मर्जीवर असते, पण दिशा मात्र बदलता येत नाही. नुसते सरकणे नाही, राजा होणे नाही. ज्याच्या पाळीला एकही उडी उरत नाही, तो हरतो. प्रत्येक चालीत किमान एक खडा पटावरून जातो, त्यामुळे खेळ संपणारच आणि बरोबरी होणारच नाही.

या नियमांत मारलेल्या खड्यांचा हिशेब कुठेही येत नाही. ज्यांनी वाघ-बकरी खेळली आहे, त्यांना हे लगेच पटेल, कारण तिथेही वाघाने काही बकऱ्या खाल्ल्या असल्या तरी हलायला जागा उरली नाही की तो हरतो. कोनानेत तर प्रतिस्पर्ध्याचा खडा हाच आपल्या उडीचा आधार असतो. तो उचलला की त्याच्या हाती असलेली एखादी चाल जाते, आणि बहुधा आपली पुढची एखादी चालही जाते. मी हा खेळ प्रथम बुद्धिबळाच्या पटावर चिंचोके आणि पांढरे पावटे मांडून खेळलो. पहिल्या काही डावांत माझ्यासमोर पावट्यांचा ढीग साचत असे आणि तरीही हरत असे मीच.

आता एका चालीत मिळतील तितक्या उड्या घेण्याबद्दल. हा सल्ला निव्वळ चुकीचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि ते सांगणाऱ्याला वाटते त्यापेक्षा वेगळ्या कारणाने खरे आहे. सर्वांत खालच्या ओळीत डाव्या कोपऱ्यापासून अशी मांडणी आहे असे समजा (● काळा, ○ पांढरा, · रिकामे घर):

● ○ · ○ · ○ ·

आसपासची घरे रिकामी आहेत. काळ्याला सलग तीन उड्या दिसतात. पांढऱ्याला आत्ता एकही उडी नाही, कारण काळा खडा कोपऱ्यात आहे आणि त्याच्या पलीकडे पट संपतो. नवखा खेळाडू विचार करतो की एकदम तीन उड्या मारल्या तर एकच चाल होते, पण एक एक करून मारल्या तर तीन चाली हाती राहतात, म्हणजे हा साठा जपून वापरावा. आता पहिली उडी मारून थांबून बघा. काळा तिसऱ्या घरात आला, दुसरे घर नुकतेच रिकामे झाले आणि चौथ्या घरात पांढरा शेजारीच उभा आहे. तो काळ्यावरून उडी मारून त्याच दुसऱ्या घरात उतरतो आणि काळ्याचा सगळा साठा एका फटक्यात जातो.

हा काही या एका मांडणीचा योगायोग नाही. पुढची उडी शिल्लक असताना थांबलो, तर पुढचा पांढरा खडा शेजारी असतोच, आणि आपण नुकताच उचललेला खडा ज्या घरात होता ते घर मागे रिकामे असतेच. म्हणजे मधेच थांबणे हे दर वेळी प्रतिस्पर्ध्याला मार देऊ करणे असते. म्हणून वरची साखळी एकटी असेल, तर तिची किंमत काळ्यासाठी नेमकी एक चाल आहे. त्यात पांढरे खडे दोन असोत, तीन असोत वा पाच असोत, किंमत बदलत नाही.

शिल्लक उड्या मोजण्याचा उपाय इथेच कोसळतो. आठ बाय आठच्या पटावर वरची साखळी पहिल्या ओळीत ठेवा. चौथ्या आणि आठव्या ओळीत, दोन्ही ठिकाणी डाव्या कडेपासून, एवढेच ठेवा:

○ ● ·

बाकीचा पट रिकामा. प्रत्यक्ष डावात पट इतका मोकळा क्वचित होतो, पण हिशेब उघडा दिसावा म्हणून ही मांडणी घेतली आहे. या दोन ठिकाणी पांढऱ्याला प्रत्येकी एक उडी आहे आणि काळा तिथे काहीच करू शकत नाही, कारण पांढरा कडेला आहे. उड्या मोजल्या तर काळ्याच्या तीन आणि पांढऱ्याच्या दोन, म्हणजे काळा पुढे. पाळी काळ्याची आहे. त्याने तिन्ही उड्या एकदम घेतल्या, तर तीन पांढरे खडे त्याच्या हाती येतात. पांढरा चौथ्या ओळीत एक उडी मारतो आणि काळ्याला हलायला जागा नाही. तीन विरुद्ध एक अशी मार करून काळा हरला, आणि पांढऱ्याची एक चाल तर अजून वापरायचीच राहिली. काळ्याने एक उडी मारून किंवा दोन मारून थांबायचे ठरवले, तर पांढरा उलटी उडी मारून त्याला उचलतो आणि खेळ तिथेच संपतो. पाळी पांढऱ्याची असती तरीही तो चौथ्या ओळीतली उडी घेऊन जिंकला असता. करून बघावे.

याउलट काळ्याजवळ तेच तीन पांढरे खडे एका ओळीत नसून तीन वेगवेगळ्या ठिकाणी, कडेला लागून, ● ○ · अशा तीन सुट्या जोड्यांत असते, तर त्याच्या तीन चाली खऱ्या ठरल्या असत्या आणि पांढऱ्याच्या दोन चालींवर त्याने मात केली असती. दोन्हींकडे खाण्याजोगे खडे तेवढेच आहेत. फरक आहे तो त्यांच्यापैकी किती चाली प्रतिस्पर्धी बिघडवू शकतो यात.

यातून खेळाची रीत हाती येते, आणि ती ऐकायला उफराटी वाटते: पक्की चाल शेवटी खेळावी. समजा पटावर तीनच ठिकाणे जिवंत आहेत: काळ्याची एक कडेची पक्की जोडी, पांढऱ्याची तशीच एक, आणि मध्ये कुठेतरी · ● ○ · अशी वादातली जोडी, जिथे जो आधी उडी मारेल त्याने दुसऱ्याची चाल मारली. पाळी काळ्याची आहे. त्याने वादातली उडी आधी घेतली, तर पांढरा आपली पक्की चाल खेळतो, काळा आपली खेळतो आणि पांढरा अडकतो. पण हमखास मिळणारा खडा आधी घेऊ म्हणून काळ्याने कडेची उडी मारली, तर पांढरा मधली उडी घेतो, काळ्याकडे काहीच उरत नाही आणि पांढऱ्याची पक्की चाल जागच्या जागी राहते. नवख्यांचे डाव बहुतेक इथेच जातात. वादातली ठिकाणे दिसत असूनही हात हमखास मिळणाऱ्या खड्याकडे जातो.

मधेच थांबणे कधीच बरोबर नसते, असा मात्र याचा अर्थ नाही. उलट उडी मारणारा पांढरा ज्या घरात उतरणार, त्या घराच्या लगेच वर आपला दुसरा काळा खडा असेल आणि लगेच खालचे घर रिकामे असेल, तर त्याने उडी घेताच आपल्याला उभी उडी मिळते. हा सापळा आहे, आणि तो लावताना आपण एक खडा देऊन एक चाल विकत घेत असतो. ती चाल पुरेशी आहे का, हे पटाच्या बाकीच्या भागावर ठरते.

कोणता खडा कुठवर पोहोचू शकतो, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. प्रत्येक उडी दोन घरांची असल्यामुळे खड्याच्या ओळीचा आणि स्तंभाचा विषम-समपणा कधीच बदलत नाही. विषम ओळ आणि विषम स्तंभ असलेला काळा खडा शेवटपर्यंत तशाच घरांत फिरतो. म्हणून कोणत्याही पांढऱ्या खड्यावरून काळ्यांचा एक गट फक्त आडवी उडी मारू शकतो आणि दुसरा गट फक्त उभी. आपला कडेचा पांढरा खडा सुरक्षित आहे का, हे पाहताना सगळे काळे खडे तपासावे लागत नाहीत. उभ्या कडेवर असेल तर आडवी उडी अशक्य असते, आणि उभी उडी मारू शकणाऱ्या गटाचा कोणी त्या स्तंभात येऊ शकतो का, एवढेच पाहावे लागते.

खेळ सुट्या तुकड्यांत विभागला गेला असेल तेव्हाच असा हिशेब हाताने जमतो. त्याआधी, खडे दाटीने उभे असताना, एका उडीने चार ठिकाणचे हिशेब एकदम बदलतात. पट हवा तितका मोठा असू शकतो असे धरले, तर कोनानेत कोण जिंकणार हे ठरवणे पीस्पेस-पूर्ण या संगणकशास्त्रातल्या अतिशय अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडते, असे रॉबर्ट हर्न यांनी सिद्ध केले आहे, म्हणजे कोणत्याही मांडणीला लागू पडेल असा झटपट मोजणीचा मार्ग सापडण्याची आशा फारशी नाही. चांगला खेळाडू म्हणून मधल्या डावात खडे मोजत बसत नाही. पट कुठे तुटणार आहे याकडे त्याची नजर असते, आणि तुटताना कडेला लागलेल्या दोन-तीन जोड्या आपल्या बाजूच्या कशा उरतील, हे तो आधीपासून पाहत असतो.