वाड्याच्या भिंतीतला कोळसा: कसबेकरांना उत्तर

*"‘पेठेतल्या वाड्याला कार्बन डेटिंग करून फारसा उपयोग नाही’ हे वाक्य वाचून धक्काच बसला. पन्नास हजार वर्षं मागचं मोजणारी पद्धत अडीचशे वर्षांच्या वाड्यापुढे हात टेकते? आमच्या वाड्याच्या भिंतीत चुन्यात रुतलेला कोळसा सापडलाय. वाडा १७६० च्या सुमाराचा असं पणजोबा सांगायचे. नमुना पाठवायच्या तयारीत होतो, तुम्ही उत्साहावर विरजण घातलंत. कारण न देता असं ठोकून देणं बरं नव्हे." – कसबेकर*

कसबेकर, कारण द्यायला हवं होतं, मान्य. एका ओळीत उरकलं ते चुकलंच. आता सविस्तर सांगतो, आणि शेवटी तुमचा उत्साह थोडा परतही करतो.

कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन. लाकूड बनलं की त्यातला कार्बन-१४ घटत जातो, आणि तो निम्मा व्हायला ५,७३० वर्षं लागतात. अडीचशे वर्षांत त्यातला जेमतेम तीन टक्के जातो. तेवढा फरक आजची यंत्रं आरामात मोजतात, अडचण तिथे नाही. अडचण हवेत आहे. झाड वाढताना हवेतला कार्बन घेतं आणि त्या हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कायम सारखं नसतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सूर्य शांत होता, त्यामुळे ते जास्त तयार झालं. पुढे एकोणिसाव्या शतकापासून दगडी कोळशाच्या धुराने हवेत कार्बन-१४ संपलेला जुना, मृत कार्बन ओतला आणि प्रमाण पातळ झालं. परिणाम असा की शिवकाळाच्या अखेरीस वाढलेलं लाकूड आणि पेशवाईच्या अखेरीस वाढलेलं लाकूड आज मोजलं तर जवळपास सारखंच दिसतं.

तुमच्या कोळशाचा अहवाल समजा ‘१८० ± ३०’ असा आला. ही वर्षं १९५० पासून मागे मोजतात, म्हणजे १७७०. पणजोबांचं खरं ठरलं म्हणून तुम्ही पेढे वाटाल. पण तोच आकडा झाडांच्या वलयांवरून बनवलेल्या आलेखावर टेकवला की उत्तर तुकड्यांत येतं: १६५० ते १७०० च्या दरम्यानचा एक तुकडा, १७२० च्या दशकापासून १८१० च्या दशकापर्यंतचा मोठा तुकडा, एकोणिसाव्या शतकातला आणखी एक आणि थेट १९५० पर्यंतची शेपटी. तीनशे वर्षांत कुठेही. १७७० हा आकडा तारीख नाहीच, निव्वळ वजाबाकी आहे.

त्यातून कोळसा सांगतो ते लाकूड कधी वाढलं ते. चुन्यातला कोळसा बहुधा चुनाभट्टीच्या सरपणाचा. काटक्या असतील तर ठीक, जुन्या खोडाचा गाभा असेल तर झाडाचं वय आणखी पदरात. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, पण तिथल्या जळक्या सागवानी तुळईचं कार्बन डेटिंग केलं तरी १८२८ येणार नाही, सागाची वलयं जेव्हा बनली तोच काळ येईल. आगीने हे घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही.

‘मग चुनाच पाठवतो’ असं म्हणाल. कल्पना सुंदर आहे. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि भिंतीतला चुना घट्ट होताना हवेतून तोच वायू परत घेतो. म्हणजे बांधकामाच्या वेळची हवा दरजेत बंदिस्त झाली! पण भट्टीत नीट न भाजलेला एक खडा जरी चुन्यात राहिला, तरी त्यातला कार्बन फार जुना असतो. एक टक्का पूर्ण मृत कार्बन मिसळला तर वय साधारण ऐंशी वर्षांनी वाढतं, पाच टक्के मिसळला तर चारशेच्या वर. पेशवाई वाडा बघता बघता बहमनी काळातला होतो. आपल्याकडची चुनखडी म्हणजे काळ्या मातीत आणि नदीकाठच्या गाळात सापडणारे खडे, आणि तेच खडे नदीच्या वाळूतही असतात. चुन्याच्या घाण्यात चुना आणि वाळू एकत्र मळली की ते डोळ्यांनी वेगळे करता येत नाहीत. म्हणून जाणकार दरजेतल्या पांढऱ्याशुभ्र गुठळ्या वेचतात, कारण तो वाळू न लागलेला निव्वळ चुना. मग आम्ल टाकून पहिल्या काही सेकंदांत सुटणारा वायू वेगळा धरतात. मुरलेला चुना चटकन विरघळतो, कच्चा खडा मागे रेंगाळतो.

उलटी चूकही होते. जाड भिंतीच्या पोटातला चुना कित्येक वर्षं ओलाच राहतो. ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. गुलाबी झाला तर तो भाग अजून पुरता मुरलेला नाही, तो पाठवू नका, वय कमी येईल. आणि हे सगळं चोख केलं तरी आलेख तोच सपाट! गंमत म्हणजे जिथे ही पद्धत कामाची ठरली असती, त्या यादवकाळच्या हेमाडपंती देवळांच्या दगडांत चुनाच नाही.

तुमच्या वाड्यात बोलणारी वस्तू वीट आहे. विटेच्या मातीतले स्फटिक आसपासच्या किरणोत्साराची ऊर्जा साठवत जातात. भट्टीत वीट भाजली की साठा रिकामा होतो आणि नव्याने भरू लागतो. प्रयोगशाळेत अंधारात तिची भुकटी पाचशे अंशांपर्यंत तापवतात, साठलेली ऊर्जा मंद उजेड होऊन बाहेर पडते. किरणोत्साराची मात्रा ग्रेमध्ये मोजतात. समजा साठा निघाला ०.५३ ग्रे आणि विटेला वर्षाला मात्रा मिळते २ मिलीग्रे. भागाकार २६५ वर्षं, म्हणजे १७६० च्या आसपास. इथे चूक वयाच्या टक्केवारीत असते. सात-आठ टक्के धरली तर दोन हजार वर्षांच्या विटेला दीडशे वर्षं इकडेतिकडे, तुमच्या विटेला फक्त वीस.

पण खाचखळगे आहेत. पाणी किरणोत्सार अडवतं. वीट सरासरी पाच टक्के ओली असताना कोरडी धरली तर वय पंधराएक वर्षांनी कमी येतं, म्हणून ओल लागणारा तळमजल्याचा पाया टाळा. आपली माती बेसॉल्टची, तिच्यात साठा धरून ठेवणारे क्वार्ट्झचे स्फटिक कमी, आणि ज्वालामुखी खडकातलं फेल्डस्पार हे खनिज साठा गळू देतं. त्याने वय कमी दिसतं, गळतीची चाचणी केली का हे प्रयोगशाळेला विचाराच. चुलीमागची वीट घेऊ नका, ती पुन्हा तापलेली असू शकते. आणि वीट भाजल्याची तारीख म्हणजे भिंतीची तारीख नव्हे. पेठांमध्ये पडक्या वाड्याच्या विटा पुढच्या वाड्यात जातातच. म्हणून वेगवेगळ्या भिंतींतल्या पाच-सहा विटा घ्या. चार-पाच एका जागी जमल्या आणि एखादी १६९० ची निघाली, तर ती उसनी.

नमुने दर्शनी भागातून नकोत. भिंतीत खोलवर, हळू फिरणाऱ्या ड्रिलने, विटेचा गाभा काढून लगेच काळ्या पिशवीत घाला. जवळचा चुनाही थोडा द्या आणि शक्य असेल तर भिंतीतला किरणोत्सार जागेवर मोजून घ्या. वर्षाची मात्रा विटेइतकीच तिच्या शेजाऱ्यांवरही अवलंबून असते.

आता तुमचा कोळसा. तो फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, फेकू नका. अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ १९५५ नंतर झपाट्याने वाढलं आणि १९६३-६४ पर्यंत जवळपास दुप्पट झालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर नदीकाठच्या पेठांत किती भिंती नव्याने उभ्या राहिल्या, ते तुम्ही घरात ऐकलंच असेल. त्यानंतर मुरलेल्या चुन्यात आणि तेव्हा वाढलेल्या काटक्यांच्या कोळशात ही वाढ स्पष्ट दिसते. तुमचा वाडा पाण्यात गेला होता का? गेला असेल, तर कुठली भिंत पणजोबांच्या आधीची आणि कुठली पानशेतनंतरची, हे तोच कोळसा सांगू शकेल.