साध्या प्लेटवर न उगवणारा लिजिओनेला

«कूलिंग टॉवरच्या पाण्याची बॅक्टेरिया टेस्ट करून घेतली, रिपोर्ट निल आला. मग लिजिओनेला कुठून येणार? तो थंड देशांतला एसीचा आजार आहे, आपल्या कोकणातल्या दमट उकाड्यात टिकत नाही. आणि क्लोरीन चालू असेल तर विषयच संपला.»

रत्नागिरीपासून मालवणपर्यंत हॉटेलचालक आणि बर्फ कारखानदारांमध्ये हातोहात फिरलेल्या या मजकुरातील तिन्ही विधाने चुकीची आहेत. त्यांतले पहिले सर्वांत घातक आहे, कारण त्यामागे प्रयोगशाळेचा खरा कागद असतो. पण आधी उकाड्याचे पाहू, कारण ते थोडक्यात आटोपते.

लिजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा पाण्यातला जंतू. तो साधारण 20 ते 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढतो आणि 35 अंशांच्या आसपास त्याची वाढ सर्वांत जोमाने होते. वीस अंशांखाली तो मरत नाही, नुसता थांबून राहतो. साठ अंशांपुढे मात्र तो फार काळ तग धरत नाही. कूलिंग टॉवर पाणी थंड करतो ते बाष्पीभवनाने, त्यामुळे ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकावर हवेत जो आकडा दिसतो त्याच्या खाली ते पाणी कधीच जात नाही, व्यवहारात तर त्याहून तीन-चार अंश वरच राहते. पावसाळ्यात किनाऱ्यावर हा आकडा 25-26 अंशांवर असेल, तर टॉवरच्या तळकुंडात पाणी 29-30 अंशांवर राहते आणि कंडेन्सरमधून परतताना 35 अंशांच्या जवळ पोहोचते. थंड देशातल्या टॉवरला निदान हिवाळ्याची उसंत मिळते, आपल्याकडे ती नाही. पर्यटकांअभावी जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या खोल्यांच्या नळांमध्ये साचलेले पाणी, गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी आणि वीज वाचवण्यासाठी 45 अंशांवर ठेवलेला गीझर या जागाही त्याच पट्ट्यात येतात. भिंतीवरच्या स्प्लिट एसीला मात्र लोक उगाच दोष देतात. या आजाराला जंतू असलेल्या पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात जावे लागतात, आणि तसे तुषार टॉवरचा पंखा किंवा शॉवर उडवतो, स्प्लिट एसी नव्हे.

आता अहवालाकडे येऊ. एकूण जिवाणूंची मोजणी साध्या पोषक अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर होते. पाणी पसरायचे, प्लेट 24 ते 48 तास उबेत ठेवायची आणि जंतूंच्या वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे ठिपके, मोजायच्या. लिजिओनेला या प्लेटवर उगवतच नाही, आठवडाभर ठेवली तरी नाही. या अडचणीची किंमत जगाने 1976 मध्ये फिलाडेल्फियात मोजली. माजी सैनिकांच्या संमेलनाशी निगडित या साथीत दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि 34 मरण पावली, पण नेहमीच्या माध्यमांवर काहीही उगवले नाही. जानेवारी 1977 मध्ये मॅकडेड आणि शेपर्ड या संशोधकांनी गिनी पिग आणि कोंबडीची भ्रूणयुक्त अंडी वापरून हा जंतू वेगळा केला. त्याला कृत्रिम माध्यमावर वाढवायला काय लागते, हे त्यानंतर पायरीपायरीने उमगत गेले.

पहिली गरज एल-सिस्टीन या अमिनो आम्लाची. लिजिओनेला ऊर्जेसाठी साखरेवर नव्हे, अमिनो आम्लांवर जगतो, आणि सिस्टीन तर त्याला बाहेरून मिळालेच पाहिजे. दुसरी गरज विरघळलेल्या लोहाची, म्हणून माध्यमात फेरिक पायरोफॉस्फेट घालतात. तिसरी गोष्ट पोषणाची नव्हे, संरक्षणाची आहे. माध्यमातील यीस्ट अर्कावर उजेड पडला की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी विषारी द्रव्ये तयार होतात, आणि हा जंतू त्यांच्यापुढे विलक्षण दुबळा आहे. बारीक कोळसा ती द्रव्ये निष्प्रभ करतो. चौथी गोष्ट म्हणजे पीएच 6.9 च्या अगदी जवळ बांधून ठेवणारे बफर. या सर्वांतून जे काळसर माध्यम तयार झाले, त्याला बीसीवायई अगार म्हणतात. त्यावरही वसाहती दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, आणि प्लेट दहा दिवसांपर्यंत ठेवावी लागते. दोन दिवसांत मिळालेला «निल» हा लिजिओनेलाचा अहवाल असूच शकत नाही.

माध्यम योग्य असले तरी आणखी एक अडथळा उरतो. टॉवरच्या पाण्यातले इतर जंतू भराभर वाढून प्लेट झाकून टाकतात. म्हणून नमुन्याचा एक भाग 50 अंशांवर अर्धा तास तापवतात किंवा पाच मिनिटे आम्लात ठेवतात. लिजिओनेला हे दोन्ही बऱ्यापैकी सोसतो, इतर बहुतेक जंतू सोसत नाहीत. शिवाय माध्यमात व्हॅन्कोमायसिन, पॉलिमिक्सिन आणि बुरशीरोधक घालतात.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका बर्फ कारखान्याच्या टॉवरचे 1 लिटर पाणी गाळणीच्या पडद्यातून गाळले आणि पडद्यावरचे सारे 10 मिली पाण्यात उतरवले. त्यातले 0.1 मिली प्लेटवर पसरले आणि सहाव्या दिवशी सहा वसाहती दिसल्या. म्हणजे प्रत्येक मिलीत 60, दहा मिलीत 600, अर्थात मूळ पाण्याच्या एका लिटरमागे 600. ब्रिटनच्या मार्गदर्शनानुसार टॉवरसाठी आकडा लिटरमागे 100 च्या वर गेला की नियंत्रणाची फेरतपासणी करावी लागते आणि 1000 च्या वर तात्काळ कारवाई. आता हेच पाणी न गाळता थेट 0.1 मिली पसरले असते, तर त्यात सरासरी 0.06 जंतू आले असते. म्हणजे माध्यम अचूक असते तरीही सोळा-सतरा प्लेटांमागे एखादीच वसाहत दिसली असती.

वसाहत दिसली की ती ओळखायची कशी, हेही या सिस्टीनच्या गरजेनेच सुटते. संशयित वसाहत सिस्टीन असलेल्या आणि सिस्टीन वगळलेल्या अशा दोन प्लेटांवर उतरवतात. पहिलीवर वाढ आणि दुसरीवर काहीच नाही, तर ती लिजिओनेला मानून पुढची प्रतिपिंडांची चाचणी करतात. गावोगावी वापरतात ती काळी पडणारी एच-टू-एसची बाटली या कामाची नाही, कारण ती विष्ठेतून आलेले जंतू शोधते आणि लिजिओनेला विष्ठेतून येत नाही. हा आजार पाणी पिऊन नव्हे, तुषार श्वासावाटे आत गेल्याने होतो.

राहिला क्लोरीन. टॉवरच्या पाण्याचा पीएच बाष्पीभवनाने वाढून 8.5 च्या आसपास गेला, की मोजलेल्या मुक्त क्लोरीनपैकी साधारण दहावा भागच जंतू मारणाऱ्या रूपात उरतो. त्यातही लिजिओनेला मोकळ्या पाण्यात कमी आणि नळांच्या आतल्या बुळबुळीत थरात अधिक असतो, जिथे तो अमिबांच्या पोटात शिरून वाढतो. अमिबाने कवच धारण केले तर आत दडलेला जंतू लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीनमधूनही वाचल्याचे प्रयोगात दिसले आहे, आणि आपल्या टॉवरमध्ये सहसा एक-दोन मिलिग्रॅमही टिकत नाही. खाऱ्या हवेने गंजलेले लोखंडी नळ याला दोन्ही बाजूंनी मदत करतात: गंजाचे खवले थराला आसरा देतात आणि माध्यमात जे लोह मुद्दाम घालावे लागते, ते जंतूला इथे आपोआप मिळते. म्हणून गाळ काढणे आणि टॉवरच्या आत पाणी ज्यावरून ओघळते ती भरणी घासून धुणे हे क्लोरीनच्या आधीचे काम आहे.

नमुना घेतानाच क्लोरीन फसवे निकालही देतो. बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट नसेल, तर पाणी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन काम करतच राहतो, वाटेत जंतू मरतात आणि टॉवर स्वच्छ असल्याचा समज होतो. नमुना क्लोरीन टाकण्याच्या आधी, टॉवर चालू असताना घ्यावा, उन्हापासून जपून एका दिवसात पोहोचवावा आणि मागणीपत्रावर «एकूण जिवाणू» न लिहिता «लिजिओनेला, आयएसओ 11731 नुसार, एक लिटर गाळून» असे स्पष्ट लिहावे.