गाडी एक, कॅलेंडर एक, भांडणं हवी तितकी

घरात चार परवाने आणि गाडी एकच असेल, तर गूगल कॅलेंडरवर ‘गाडी’ नावाचं वेगळं कॅलेंडर काढा आणि सगळ्यांना त्यात बदल करायची मुभा देऊन टाका. आता कटकट मिटली, असं रात्री जेवताना जाहीरही करा. फक्त हे कॅलेंडर कुणालाच ‘नाही’ म्हणत नाही, एवढं मात्र कुणाला कळू देऊ नका. ऑफिसातली मीटिंग रूम तिथल्या यंत्रणेत स्वतंत्र नोंदलेली असते, म्हणून वेळ भरलेली असली की ती दुसऱ्याचं आमंत्रण आपणहून परत पाठवते. घरच्या साध्या जीमेल खात्यात ही सोय नाही. शनिवारी दहाला वहिनीनं गाडी घेतली आणि दहालाच दादानंही घेतली, तर दोन्ही चौकोन शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. भांडायचं ते माणसांनी.

स्वतःची नोंद शक्यतो ‘दिवसभर’ म्हणून टाका. ती वरच्या पट्टीत जाऊन बसते आणि खाली तासांचे रकाने रिकामे दिसतात. शिवाय गूगल ती नोंद, तुम्ही बदल केला नाही तर, ‘मोकळा वेळ’ म्हणूनच धरतं. कुणी दुपारची गाडी मागितली, की “वर बघायला काय झालं होतं?” हे विचारायला तुम्ही मोकळे.

पण खरी मजा दोन नोंदींच्या सांध्यात असते. वहिनी कोथरूडहून चिंचवडला लग्नाला गेलीय, नोंद दहा ते एक. दादाला पावणेदोनची गाडी पकडायला पुणे स्टेशनवर जायचंय, नोंद एक ते तीन. वहिनीच्या लेखी ‘एक’ म्हणजे जेवून मंडपातून निघायची वेळ. दादाच्या लेखी ‘एक’ म्हणजे गाडी फाटकाशी आणि किल्ली हातात. कॅलेंडरच्या लेखी दोघंही बरोबर! इथे मध्ये तासभर मोकळा ठेवा, किंवा नोंदीत ‘निघणार’ आणि ‘घरी पोचणार’ असं वेगळं लिहा, असं सुचवणारा एखादा शहाणा भेटेलच. त्याला ताबडतोब पेट्रोल भरायला पाठवा. काटा तळाला टेकलाय, हे नोंदीत लिहिण्याचा आगाऊपणा तोच करणार.

दर मंगळवारच्या योगासनांची नोंद करताना शेवटची तारीख टाकू नका. वर्ग बंद पडला तरी गाडी तुमचीच राहते. दुसऱ्याची नोंद सरकवायची तर बिनधास्त सरकवा, कारण बदलाची सूचना ज्यानं त्यानं आपापल्या सेटिंगमध्ये चालू करावी लागते आणि घरात तेवढा वेळ कुणाला आहे? पुसलेली नोंद महिनाभर कचरापेटीत सापडते, पण तिथे डोकावणारं माणूस अजून आपल्या घरात जन्मायचंय.

आजीच्या बाबतीत यातलं काहीच चालणार नाही. ती नोंद करत नाही. सरळ जाऊन पुढच्या सीटवर बसते.