खुलासा : सिद्दी लोक आणि ‘परदेशी’ असल्याचा दावा

फिरता दावा : “कुरळे केस, काळा रंग, हे आफ्रिकन आहेत. स्वतःला सिद्दी म्हणवतात, पण भारतीय असे दिसतच नाहीत. अलीकडेच आलेत.”

हे साफ चूक आहे. सिद्दी म्हणजे शतकांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आलेल्यांचे वंशज; दख्खनेत त्यांना हबशीही म्हणत. आपल्या मराठवाड्याचाच दाखला घ्या. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याला विकत घेणारा निजामशाहीतला चंगेजखानही हबशीच होता. 1610 मध्ये अंबरने खडकी गाव वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उतारावर, त्यानेच शहरात आणलं. साफसफाईसाठी नहरीला जागोजागी मॅनहोल ठेवले. 1626 मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे, जाऊन पाहा.

त्याने आपली मुलगी निजामशहाला दिली होती. अशा सोयरिकींमुळे दख्खनेतल्या कित्येक हबशी घराण्यांचा वंश चेहऱ्यावरून ओळखूच येणार नाही. उलट उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यातले सिद्दी चेहऱ्याने वेगळे दिसतात, पण घरात कोकणी बोलतात. कर्नाटकात त्यांची नोंद अनुसूचित जमातीत आहे. त्यांच्याकडे व्हिसा मागणं हा शुद्ध अन्याय आहे.