आदेश काढलात, पण अधिकार कुठे आहेत?

जून महिन्याचा पगार काल, १६ जुलैला खात्यावर जमा झाला. एकोणीस माणसांचं कार्यालय आमचं, वणीच्या पुढच्या तालुक्यात. सोळा दिवस उशीर झाला आणि कारण काय, तर नाशिकहून आलेल्या कार्यभाराच्या आदेशात एक वाक्य नव्हतं. एक वाक्य! माझा संताप अजून उतरलेला नाही.

आमचे साहेब ३१ मे रोजी नियत वयोमानाने निवृत्त झाले. ही तारीख काय अचानक उगवली होती? सेवापुस्तकात पहिल्या पानावर जन्मतारीख असते. ३१ मे ही तारीख नाशिकच्या कार्यालयाला वर्षानुवर्षं माहीत होती. तरी मी मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात प्रस्ताव पाठवला. नुसतं ‘पद रिक्त होत आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहून हात झटकले नव्हते, सोबत मसुदा जोडला होता. कार्यभार कुणाकडे, कधीपासून, कोणत्या अधिकारांसह, कधीपर्यंत, सगळं त्यात होतं. आस्थापना टेबलावर बावीस वर्षं काढलीत मी, मसुदा करता येतो मला.

आदेश निघाला ११ जूनला. आमच्या हाती पडला १३ जूनला, शुक्रवारी, कार्यालय सुटायच्या वेळी. जिल्हा कार्यालयातल्या ज्येष्ठ साहेबांकडे ‘त्यांच्या मूळ पदाचा कार्यभार सांभाळून पुढील आदेश होईपर्यंत उक्त रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात येत आहे. त्यांनी तात्काळ कार्यभार स्वीकारून तसा अहवाल सादर करावा.’ खाली सही, प्रतिलिपीची यादी, संपलं. माझ्या मसुद्यातला एक शब्द त्यात नव्हता. उलट प्रतिलिपीच्या यादीत दुसऱ्याच तालुक्याच्या उपकोषागार अधिकाऱ्याचं नाव तसंच राहिलेलं. म्हणजे जुनी फाइल उघडली, नाव बदललं, पदनाम बदललं आणि छापून मोकळे झाले. सही करणाऱ्यानेही वाचलं नाही.

मी शनिवारी सकाळीच नाशिकला फोन लावला, उचलला कुणी नाही. सोमवारी लागला. म्हटलं, आदेशात आहरण व संवितरणाचे, म्हणजे कोषागारातून पैसे काढून वाटण्याचे, अधिकार दिल्याचा उल्लेख नाही, शुद्धिपत्रक काढा. पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, कार्यभार दिला म्हणजे सगळंच आलं त्यात. तुम्ही उगाच शंका काढता.”

सगळंच आलं त्यात? मग हे उपकोषागाराला सांगा ना!

वेतन देयकावर सही करतो तो आहरण व संवितरण अधिकारी. त्याची नमुना स्वाक्षरी कोषागारात असावी लागते आणि ती घेताना कोषागार आदेश मागतं. नवा माणूस आला की ‘हे अधिकार याच्याकडे आहेत’ हे कागदावर दिसलं पाहिजे, कारण उद्या पैसे चुकीचे गेले तर वसुली कुणाकडून करायची हा प्रश्न येतो. त्यांचं चुकत नाही. साहेबांनी १६ जूनला कार्यभार स्वीकारला. २० तारखेला मी देयक, आदेशाची प्रत आणि साक्षांकित नमुना स्वाक्षरी घेऊन स्वतः गेले. तिथल्या लेखा लिपिकाने आदेश दोनदा वाचला, बोट ठेवून वाचला आणि म्हणाला, “मॅडम, यात आहरण कुठंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. २४ तारखेला देयक आक्षेप लावून परत आलं.

मग पत्रं, स्मरणपत्र, फोन. शुद्धिपत्रक निघालं ९ जुलैला. किती ओळींचं? दोन. ‘उक्त आदेशान्वये त्यांना आहरण व संवितरण अधिकारी म्हणून घोषित करण्यात येत आहे.’ ही ओळ माझ्या मसुद्यात मेपासून पडून होती. ती कापायला कुणाला वेळ होता, ठेवायला नव्हता.

आमचे शिपाई काका घराचं कर्ज फेडताहेत. ५ जुलैचा हप्ता परत गेला. बँकेने पाचशे रुपये दंड आणि वर अठरा टक्के जीएसटी, असे ५९० रुपये कापले. काका माझ्या टेबलापाशी आले, मोबाइलवरचा मेसेज दाखवला आणि विचारलं, “ताई, हे कोण भरणार?” रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. चोवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा हप्ता पहिल्यांदाच परत गेला, तो कुणाच्या कंटाळ्यापायी, हे त्यांना कसं सांगू?

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही म्हणून जास्त चीड येते.

मागच्या वेळी हेच पद चौदा महिने रिक्त होतं. तेव्हाही ‘पुढील आदेश होईपर्यंत’. या तीन शब्दांचा मला मनापासून तिटकारा आहे. मुदत नसली की रिक्त पद कुणाच्या डोळ्यांवर येतच नाही. कागदोपत्री पद सांभाळलं जातंय, मग भरायची घाई कुणाला? शेवटी नियमित अधिकारी आले, रुजू झाले, तर प्रभारी साहेबांचा कार्यभार संपल्याचा आदेशच नाही. चार दिवस दोघांपैकी सही कुणाची यावर घोळ. म्हणून मी यंदा लिहिलं होतं, ‘नियमित अधिकारी रुजू होईपर्यंत किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत’. नुसती तारीख टाकूनही भागत नाही, कारण ती तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी पुन्हा सहीला माणूस नाही. म्हणून पुढची ओळही होती, की मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी मुदतवाढीचा किंवा पदस्थापनेचा प्रस्ताव सादर करावा. यात अवघड काय आहे?

त्याच चौदा महिन्यांत जे घडलं ते मी विसरूच शकत नाही. आमच्याकडचं रिक्त पद जन माहिती अधिकाऱ्याचं. कार्यभार मिळाला जिल्ह्याच्या ज्येष्ठ साहेबांना, आणि ते मूळ पदावर प्रथम अपिलीय अधिकारी. म्हणजे तालुक्यात माहिती नाकारायची सही त्यांची आणि त्याविरुद्धचं अपीलही त्यांच्याचपुढे! माहितीचा अधिकार कायद्यात कलम १९ प्रमाणे पहिलं अपील जन माहिती अधिकाऱ्यापेक्षा वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं. इथे वरिष्ठ आणि कनिष्ठ एकच माणूस. एक म्हातारे शेतकरी सुनावणीला पहाटेची एसटी धरून नाशिकला गेले होते. दार उघडून आत गेले, समोर बघितलं आणि विचारलं, “साहेब, नाही म्हणणारे तुम्हीच, आता दाद पण तुमच्याकडेच मागायची का?” फाइल घेऊन मी तिथेच उभी होते. मान वर करता आली नाही मला.

वरिष्ठाला खालच्या पदाचा कार्यभार देताना हा पेच प्रत्येक वेळी येणार. मूळ पदावरून ज्याची तपासणी करायची, ज्याचं अपील ऐकायचं, तेच काम खालच्या खुर्चीत बसून स्वतः करायचं. त्यावर उपाय आदेशातच करता येतो. जन माहिती अधिकारी म्हणून कार्यालयातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याला नेमायचं, म्हणजे अपील साहेबांकडे सुखाने जाईल. एक कलम वाढवायचं, बस. तेही मी लिहिलं होतं, तेही गेलं.

“कार्यभार दिला म्हणजे सगळंच आलं” म्हणणाऱ्यांनी एकदा तरी नियम उघडावेत. केंद्राच्या मूलभूत नियम ४९ खालच्या सूचना सरळ सांगतात की कायद्याने दिलेले अधिकार वापरायचे असतील तर रीतसर नियुक्तीचा आदेश काढा. फक्त रोजचं काम बघायचं असेल तर तसं लिहा, आणि कोणती कामं करायची, कोणती नाही, तेही लिहा. हा काही कागदी खेळ नाही. अजायबसिंग विरुद्ध गुरबचनसिंग या खटल्यात १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धतेचा आदेश टिकू दिला नाही, कारण तो जिल्हादंडाधिकाऱ्याने काढायला हवा होता आणि काढणारे होते अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी. त्यांना जिल्हादंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेले होते, तरीही पद ते नव्हतं. उद्या आमच्या साहेबांनी कायद्याखाली काही आदेश काढला आणि समोरच्याच्या वकिलाने विचारलं, ‘हा अधिकार तुम्हाला कोणत्या कागदाने मिळाला?’, तर काय दाखवणार? ते ११ जूनचं पान?

साहेबांवर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहिते. त्यांच्याकडे स्वतःचं पद आहे, आमचं आहे, आणखी एका कार्यालयाचं आहे, वर सिंहस्थाच्या बैठका. आमच्याकडे कोणत्या वारी बसायचं हे आदेशात नाही, त्यामुळे सह्यांच्या फाइली मीच पिशवीत घालून नाशिकला नेते. अतिरिक्त वेतनाबद्दलही आदेश मुका आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, १९८१ मध्ये नियम ५६ त्याच्यासाठीच आहे. मिळणार असेल तर तसं लिहा, नसेल तर ‘अनुज्ञेय नाही’ लिहा. न लिहिल्यामुळे सहा महिन्यांनी मागणी येणार, त्यावर स्पष्टीकरण मागवणार, आणि ते स्पष्टीकरण तयार करायला माझंच टेबल.

आज सकाळी नाशिकहून फोन आला. आवाज तोच. “झाला ना पगार? मग आता शुद्धिपत्रकाचा विषय बंद करा.” मी म्हटलं, बंद होत नाही. मुदत राहिली, माहिती अधिकाऱ्याचं कलम राहिलं, वेतनाचा उल्लेख राहिला. दुपारच्या टपालाने मेमधला तोच मसुदा पुन्हा पाठवलाय, जावक क्रमांकासह. सोबत शिपाई काकांच्या ५९० रुपयांच्या मेसेजची छापील प्रत जोडली आहे.