तालमीतल्या ट्यूबखाली शटर १/१०००?

«स्लो मोशनमध्ये काळे पट्टे येतात? सेन्सर गेलाय! शटर १/१००० ठेवा. आधीच शूट केलं असेल तर डीफ्लिकर फिल्टर मारा, पट्टे शंभर टक्के गायब. सगळ्यांना पाठवा.»

माझ्या आतेभावाकडून आलं हे. पोराचा धोबीपछाड त्यानं सांगलीतल्या तालमीत १२० एफपीएसला घेतला, मातीवरून पट्टे सरकताना दिसले, आणि मेसेज वाचून गडी फोन विकायला निघाला. अरे बाबा, तोच फोन घेऊन बाहेर उन्हात ये आणि तसंच शूट कर. पट्टे नाहीत ना? मग सेन्सर ठणठणीत आहे.

खरा घात शटरच्या सल्ल्यात आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. एक फेरा १० मिलिसेकंदांचा. फोन चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ टिपतो. शटर १/१०० असेल तर प्रत्येक ओळीला अख्खा फेरा मिळतो आणि उजेड सारखा पडतो. १/१००० ला फेऱ्याचा जेमतेम दहावा तुकडा मिळतो. एका ओळीला भरलेला उजेड, दुसरीला विझू आलेला. पट्टे जायचे सोडून आणखी गडद होतात. आणि १२० एफपीएसला एका फ्रेमला मिळतात ८.३ मिलिसेकंद, त्यात १० कुठून बसवणार? म्हणून अशा उजेडात ६० एफपीएस आणि १/१०० घ्यायचं. वेग निम्म्यावरच येतो, पण चित्र स्वच्छ.

डीफ्लिकरबद्दल अर्धं खरं आहे, मान्य. पण एफएफएमपेग या व्हिडिओवर काम करणाऱ्या प्रोग्रामच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की त्यांचा deflicker फ्रेमच्या उजेडातला काळानुसार होणारा चढउतार काढतो. सगळी फ्रेम एकसारखी लुकलुकत असेल तर उत्तम. पट्ट्यांत फ्रेमचा एक भाग काळा, दुसरा उजळ. सरासरी फारशी हलतच नाही, मग तो दुरुस्त काय करणार?

घेतलेली क्लिप वाचवायची तर फ्रेम मोजा. १२० एफपीएसला ६ फ्रेम म्हणजे ५० मिलिसेकंद, बरोबर ५ फेरे. सातव्या फ्रेमला पट्टा पुन्हा पहिल्याच जागी आला, तर सहा-सहाची सरासरी पट्टे पुसते:

```
ffmpeg -i in.mp4 -vf tmix=frames=6 out.mp4
```

(२४० ला १२ फ्रेम.) फाइल फोनमधली मूळ घ्या, व्हॉट्सअॅपवरून आलेलीत फ्रेम गळालेल्या असू शकतात. आणि हो, पोराचा हात सहा ठिकाणी पुसट दिसेल. म्हणून आम्ही एडिटरमध्ये खाली ही क्लिप आणि वर मूळ ठेवली, वरच्या थराला फक्त दोन पैलवानांपुरता मास्क लावला. भिंत आणि माती स्वच्छ झाली. पैलवानांच्या अंगावर पट्टे अजून आहेत, पण हालचालीत फारसे जाणवत नाहीत.